जनरेटर कुठे पाठवायचा ते ठरवलं, पुढे काय? फ्री ग्रुपवरून होमोमॉर्फिझम बांधण्याची रीत

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या वहीत एक ओळ हमखास सापडते: ‘समजा φ : Z/6 → Z/4 हे φ(1) = 1 असं होमोमॉर्फिझम आहे.’ ओळ दिसायला निरागस आहे. Z/6 चा जनरेटर 1, त्याला कुठे पाठवायचं ते सांगितलं, बाकीच्या घटकांचं आपोआप ठरलं. पण असं होमोमॉर्फिझम अस्तित्वातच नाही. Z/6 मध्ये 1 ची सहा वेळा बेरीज केली की 0 येतो, आणि Z/4 मध्ये तीच बेरीज 2 येते. म्हणजे φ(0) ची किंमत एका वाटेने 0 निघते आणि दुसऱ्या वाटेने 2.

आता त्याच ओळीत Z/6 खोडून Z लिहा. φ : Z → Z/4, φ(1) = 1. ही ओळ बिनचूक आहे, आणि 1 च्या जागी Z/4 मधला कुठलाही घटक उजवीकडे लिहिला तरी बिनचूकच राहते. फरक एवढाच, की Z मधल्या 1 ला कसलंही बंधन नाही. कितीही वेळा मिळवा, तो शून्यावर परत येत नाही.

Z हा एका जनरेटरवरचा फ्री ग्रुप आहे. दोन किंवा जास्त जनरेटर घेतले तरी हीच मोकळीक कशी मिळते, ती कशी वापरायची आणि ती कुठे संपते, ते या लेखात एकच उदाहरण धरून पाहू. उदाहरणात दोन अक्षरांवरचा फ्री ग्रुप आहे आणि तो आपण S₃ मध्ये, म्हणजे तीन वस्तूंच्या सहा क्रमपालटांच्या ग्रुपमध्ये पाठवणार आहोत. मराठी परिभाषा कोशातले शब्द वर्गात फारसे कुणी बोलत नाही, म्हणून ग्रुप, जनरेटर, कर्नल हेच शब्द ठेवले आहेत.

फ्री ग्रुप म्हणजे नेमकं काय हातात घ्यायचं

दोन अक्षरं घ्या, a आणि b. त्यांच्या जोडीला a⁻¹ आणि b⁻¹ ही आणखी दोन. या चार अक्षरांची कुठलीही सान्त माळ म्हणजे एक शब्द. उदाहरणार्थ abba⁻¹b, किंवा a⁻¹a⁻¹b. काहीच न लिहिलेला रिकामा शब्दही धरायचा. दोन शब्दांचा गुणाकार म्हणजे एकापुढे दुसरा लिहून टाकणं.

यात एकच सूट आहे. aa⁻¹, a⁻¹a, bb⁻¹ किंवा b⁻¹b अशी जोडी शेजारी आली तर ती खोडता येते, आणि वाटेल तिथे अशी जोडी घुसवताही येते. एका शब्दावरून दुसऱ्यावर फक्त अशा खोडण्या-घुसवण्याने जाता आलं, तर ते दोन शब्द म्हणजे एकच घटक. हा ग्रुप F(a, b). रिकामा शब्द ही त्याची आयडेंटिटी. शब्दाचा इन्व्हर्स हवा असेल तर शब्द उलटा वाचून प्रत्येक अक्षराचा इन्व्हर्स लिहायचा, त्यामुळे ab चा इन्व्हर्स b⁻¹a⁻¹ होतो.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की या ग्रुपमध्ये याखेरीज दुसरी कुठलीही सूट नाही. ab आणि ba सारखे नाहीत. a² म्हणजे रिकामा शब्द नाही. ‘फ्री’ या शब्दात एवढाच अर्थ आहे.

आता युनिव्हर्सल प्रॉपर्टी. H हा कुठलाही ग्रुप घ्या, आणि त्यातले कुठलेही दोन घटक g आणि h निवडा. मग φ(a) = g आणि φ(b) = h असं F(a, b) → H होमोमॉर्फिझम असतं, आणि ते एकच असतं.

‘कुठलेही’ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा आहे. g आणि h एकच असले तरी चालतं. दोन्ही आयडेंटिटी असले तरी चालतं, मग φ सगळ्यांना आयडेंटिटीवर पाठवतं. g आणि h मिळून H पूर्ण तयार झाला पाहिजे अशीही अट नाही. ‘φ वन-वन हवं ना?’ असं बरेच जण विचारतात. नको. फक्त होमोमॉर्फिझम हवं.

पहिली पायरी: घटक निवडा आणि गुणाकाराची दिशा लिहून ठेवा

आपण H = S₃ घेऊ. निवड अशी:

φ(a) = σ = (1 2), φ(b) = τ = (1 2 3).

σ हा 1 आणि 2 ची अदलाबदल करतो, 3 जागेवर ठेवतो. τ हा 1 ला 2 वर, 2 ला 3 वर, 3 ला 1 वर नेतो.

आता कागदाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहा: ‘στ म्हणजे आधी τ, मग σ.’ ही ओळ फालतू वाटते, पण या विषयातल्या निम्म्या चुका ती न लिहिल्यामुळे होतात. काही पुस्तकं उजवीकडून डावीकडे गुणतात, काही डावीकडून उजवीकडे. दोन्ही बरोबर, पण एकाच उदाहरणात दोन्ही मिसळले की उत्तर चुकतं. आपण उजवीकडून डावीकडे जाऊ.

दुसरी पायरी: शब्दात अक्षरांच्या जागी घटक भरा

आता कुठलाही शब्द घ्या, समजा w = abba⁻¹b. φ(w) काढण्यासाठी फक्त अक्षरं बदलायची: a च्या जागी σ, b च्या जागी τ, a⁻¹ च्या जागी σ⁻¹, b⁻¹ च्या जागी τ⁻¹. मग S₃ मध्ये गुणाकार करायचा.

φ(w) = σ τ τ σ⁻¹ τ.

σ दोनदा केला की सगळं जागेवर येतं, म्हणून σ⁻¹ = σ. 1 चा प्रवास पाहू. उजवीकडून सुरुवात: τ ने 1 गेला 2 वर, σ ने 2 आला 1 वर, τ ने 1 गेला 2 वर, पुन्हा τ ने 2 गेला 3 वर, शेवटी σ ने 3 तिथेच राहिला. म्हणजे 1 → 3. तसंच 2 चा प्रवास: 3, 3, 1, 2, 1. म्हणजे 2 → 1. उरलेला 3 साहजिकच 2 वर जातो. एकूण φ(w) = (1 3 2).

सूत्र म्हणून यापेक्षा जास्त काही नाही. φ ची ‘व्याख्या’ म्हणून a आणि b यांच्या किमती सांगितल्या की पुरे, बाकी अंकगणित आहे.

तिसरी पायरी: हे चालतं का, ते स्वतःला एकदा पटवा

परीक्षेत ‘बाय युनिव्हर्सल प्रॉपर्टी’ एवढं लिहिलं तरी चालतं. पण एकदा तरी स्वतः करून पाहावं, कारण पुढे जिथे गोष्टी बिघडतात तिथे नेमका याच पुराव्यातला एक दुवा तुटलेला असतो.

शंका एकच आहे. F(a, b) मधला घटक अनेक शब्दांनी लिहिता येतो. ab हा घटक abb⁻¹b असाही लिहिता येतो. वेगवेगळ्या शब्दांत किमती भरल्या तर उत्तर वेगवेगळं तर येणार नाही? Z/6 च्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

इथे नाही होत. दोन शब्द एकच घटक असतील, तर ते फक्त xx⁻¹ सारख्या जोड्या खोडून-घुसवून एकमेकांत बदलतात. aa⁻¹ च्या जागी काय भरलं जातं? σσ⁻¹, म्हणजे आयडेंटिटी. b⁻¹b च्या जागी τ⁻¹τ, तीही आयडेंटिटी. जोडी असो वा नसो, S₃ मधला गुणाकार तोच राहतो. आणि हे σ, τ च्या कुठल्याही खास गुणामुळे झालेलं नाही. कुठल्याही ग्रुपमध्ये gg⁻¹ आयडेंटिटीच असते. म्हणूनच निवडीवर अट नाही.

गुणाकार टिकतो का? दोन शब्द जोडून मग किमती भरल्या काय, किंवा आधी भरून मग जोडले काय, सारखंच. म्हणून φ होमोमॉर्फिझम आहे.

आणि दुसरं होमोमॉर्फिझम असू शकत नाही, कारण ψ हेही a ला σ वर आणि b ला τ वर नेत असेल, तर होमोमॉर्फिझम असल्यामुळे ते a⁻¹ ला σ⁻¹ वर नेणारच, आणि अक्षरांच्या गुणाकाराला किमतींच्या गुणाकारावर. सगळे घटक अक्षरांचेच गुणाकार आहेत, मग ψ वेगळं कुठे होणार? या ‘एकच’ चा रोजचा उपयोग असा: फ्री ग्रुपवरची दोन होमोमॉर्फिझम सारखी आहेत हे दाखवायचं असेल तर ती फक्त जनरेटरवर तपासा. दोन जनरेटर असतील तर दोन तपासण्या, बस.

मोजणीही सोपी होते. F(a, b) → S₃ अशी होमोमॉर्फिझम किती? a साठी सहा पर्याय, b साठी सहा, एकूण ३६. हा आकडा ध्यानात ठेवा, थोड्या वेळाने तो खाली येणार आहे.

‘निवडलेले जनरेटर’ खरंच मोकळे आहेत का?

वर आपण a आणि b वर किमती ठरवल्या. प्रत्यक्ष प्रश्नात मात्र जनरेटर वेगळे दिलेले असतात, आणि खरी फसगत इथे होते.

समजा विचारलं: F(a, b) → S₃ असं होमोमॉर्फिझम आहे का, की a जाईल (1 2) वर आणि ab जाईल (1 3) वर? दिलेले जनरेटर a आणि ab आहेत. घाबरायचं कारण नाही. b = a⁻¹·ab, म्हणून b ची किंमत असायला हवी (1 2)⁻¹(1 3) = (1 2)(1 3). उजवीकडून गुणलं तर 1 → 3 → 3, 3 → 1 → 2, 2 → 2 → 1, म्हणजे (1 3 2). तर φ(a) = (1 2), φ(b) = (1 3 2) असं ठरवा. होमोमॉर्फिझम मिळालं, आणि φ(ab) = (1 2)(1 2)(1 3) = (1 3) येतं, हवं तसं.

रीत ही, की नव्या जनरेटरच्या किमतींवरून a आणि b च्या किमती सोडवायच्या, युनिव्हर्सल प्रॉपर्टी a, b वर लावायची, आणि शेवटी नव्या जनरेटरवर काय येतं ते परत तपासायचं. a आणि ab हा जोडही F(a, b) चा मोकळा जोड आहे, म्हणून तिथे H मधल्या कुठल्याही किमती दिल्या तरी तपासणी उत्तीर्ण होते.

आता उलट उदाहरण. F(a) म्हणजे फक्त a च्या घातांचा ग्रुप, Z च. त्याचे जनरेटर म्हणून a² आणि a³ घ्या. दोघे मिळून a तयार करतात, कारण a = a³·a⁻². मग a² ला g वर आणि a³ ला h वर पाठवू का? वाटेल तसं नाही. वरच्या रीतीने a ची किंमत hg⁻¹ निघते. परत तपासताना (hg⁻¹)² = g यायला हवं, आणि ते बहुतेक वेळा येत नाही. Z मध्ये दोघांना 1 वर पाठवायला गेलात तर a ची किंमत 1 − 1 = 0 येते, आणि मग a² ची किंमत 0 येते, 1 नाही. a² आणि a³ जनरेटर आहेत, पण मोकळे नाहीत. त्यांच्यात (a²)³ = (a³)² असं नातं लपलेलं आहे.

तिसरा प्रकार याच्या उलट आहे, जनरेटर कमी पडण्याचा. a² आणि b घ्या. या दोघांत लपलेलं नातं नाही, पण यांच्यातून a तयार होत नाही. यांनी बनलेल्या छोट्या ग्रुपवर कुठल्याही किमती ठरवा, तिथलं होमोमॉर्फिझम मिळेल. पण ते F(a, b) वर वाढवता येईलच असं नाही. a² ला (1 2) वर पाठवायचं ठरवलं तर φ(a) चा वर्ग (1 2) हवा. S₃ मध्ये अदलाबदलीचा वर्ग आयडेंटिटी असतो आणि तीन-चक्राचा वर्ग तीन-चक्रच असतो. (1 2) हा कुणाचाच वर्ग नाही. मार्ग बंद.

दिलेला संच मोकळा आहे की नाही हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. F(a, b) मध्ये दोन घटक मिळून सगळा ग्रुप तयार करत असतील, तर ते मोकळे असतातच. तीन अक्षरांच्या फ्री ग्रुपमध्ये तीन, आणि असंच पुढे. म्हणून a, ab पास झाले. a², a³ नापास, कारण एका अक्षराच्या ग्रुपमध्ये दोन जनरेटर घेतले. a, b वरून a, ab कडे जाणं अशा छोट्या अदलाबदलींचा पद्धतशीर अभ्यास डेन्मार्कचे याकोब नीलसन यांनी केला, आणि ‘फ्री ग्रुप’ हे नावही त्यांनीच १९२४ मध्ये दिलं.

नाती आली की काय तपासायचं

आता मूळ Z/6 वाल्या चुकीकडे परत. बहुतेक ग्रुप मोकळे नसतात, त्यांना नाती असतात. पण त्यांच्यावरूनही होमोमॉर्फिझम फ्री ग्रुपच्याच वाटेने बांधता येतं.

असा ग्रुप घेऊ:

G = ⟨ a, b | a² = 1, b³ = 1, abab = 1 ⟩.

याचा अर्थ, F(a, b) मध्ये a², b³ आणि abab हे तीन शब्द रिकाम्या शब्दासारखे मानायचे, आणि त्यामुळे जे जे मानावं लागेल तेही मानायचं. नेमकं बोलायचं तर हे तीन शब्द ज्यात आहेत असा सर्वात लहान नॉर्मल सबग्रुप N घ्यायचा, आणि G = F(a, b)/N.

G → S₃ होमोमॉर्फिझम हवं आहे, a ला σ वर आणि b ला τ वर नेणारं. थेट G वर ठरवायला गेलात तर Z/6 वालीच शंका पुन्हा येते, कारण G मधला एक घटक अनेक प्रकारे लिहिता येतो. म्हणून आधी F(a, b) वर φ ठरवा. ते विनाअट मिळतं. मग तीन शब्दांत किमती भरा:

σ² = आयडेंटिटी. बरोबर.
τ³ = आयडेंटिटी. बरोबर.
στ: 1 → 2 → 1, 2 → 3 → 3, 3 → 1 → 2, म्हणजे στ = (2 3), आणि त्याचा वर्ग आयडेंटिटी. बरोबर.

तिन्ही शब्द φ च्या कर्नलमध्ये गेले. कर्नल नॉर्मल असतो, आणि N हा हे शब्द असलेला सर्वात लहान नॉर्मल सबग्रुप, म्हणून अख्खा N कर्नलमध्ये आला. याचा अर्थ N ने फरक असलेल्या दोन शब्दांना φ एकच किंमत देतं, आणि G वर होमोमॉर्फिझम मिळतं. N मध्ये अनंत शब्द आहेत, पण तपासले फक्त तीन. याला फॉन डाइकचा प्रमेय म्हणतात. वाल्थर फॉन डाइक या जर्मन गणितज्ञाने १८८२ मध्ये ग्रुपकडे जनरेटर आणि नात्यांच्या नजरेतून पाहायला सुरुवात केली.

तपासणी नापास होते तेव्हा काय दिसतं? उलटी निवड करून पाहा: a ला (1 2 3) वर, b ला (1 2) वर. F(a, b) वर काही अडचण नाही, ते ३६ पैकीच एक आहे. पण a² ची किंमत (1 3 2) येते, आयडेंटिटी नाही. G मध्ये a आणि a⁻¹ एकच घटक आहे, आणि इथे एकाला (1 2 3) मिळतो तर दुसऱ्याला (1 3 2). Z/6 च्या 0 ला दोन किमती मिळाल्या होत्या, हा तोच आजार.

G → S₃ अशी होमोमॉर्फिझम आता मोजता येतात. a ची किंमत x अशी हवी की x² आयडेंटिटी व्हावी: आयडेंटिटी किंवा तीन अदलाबदली, चार पर्याय. b ची किंमत y अशी की y³ आयडेंटिटी: आयडेंटिटी किंवा दोन तीन-चक्रं, तीन पर्याय. बारा जोड्या. तिसऱ्या नात्यात x आयडेंटिटी आणि y तीन-चक्र अशा दोन जोड्या गळतात, कारण मग (xy)² = y² आयडेंटिटी नसते. बाकी सगळ्या टिकतात: अदलाबदल गुणिले तीन-चक्र ही पुन्हा अदलाबदलच असते. उरल्या दहा. तीन नाती आली आणि ३६ चे १० झाले.

याच वाटेने G चा आकारही कळतो, आणि मला यातला हा भाग सर्वात देखणा वाटतो. σ आणि τ मिळून अख्खा S₃ तयार होतो, म्हणून आपलं होमोमॉर्फिझम S₃ मधल्या सगळ्या घटकांपर्यंत पोचतं, म्हणजे G मध्ये किमान सहा घटक आहेत. उलट, abab = 1 वरून ba = a⁻¹b⁻¹, आणि a⁻¹ = a, b⁻¹ = b² असल्यामुळे ba = ab². म्हणजे शब्दात b च्या उजवीकडे आलेला प्रत्येक a डावीकडे सरकवता येतो, आणि शेवटी सगळे शब्द aⁱbʲ अशा रूपात येतात, i म्हणजे 0 किंवा 1, j म्हणजे 0, 1 किंवा 2. जास्तीत जास्त सहा. तर नेमके सहा, आणि G हा S₃ च आहे. होमोमॉर्फिझमशिवाय फक्त नात्यांची जुळवाजुळव करून ‘यापेक्षा कमी घटक नाहीत’ हे सिद्ध करणं फार अवघड असतं; नात्यांतून अनपेक्षित काहीतरी निघून सगळा ग्रुप कोसळणार नाही याची खात्री बाहेरचा एखादा खरा ग्रुपच देतो.

संगणकावर पडताळा

GAP ही ग्रुप थिअरीसाठीची मोफत प्रणाली आहे. आपलं उदाहरण तिथे असं:

```
F := FreeGroup("a", "b");
a := F.1;; b := F.2;;
S := SymmetricGroup(3);
phi := GroupHomomorphismByImages(F, S,
         [a, b], [(1,2), (1,2,3)]);
Image(phi, a*b*a^-1*b^-1);
Image(phi, a*b);
```

पहिल्या Image चं उत्तर (1,2,3) येईल, आणि हाताने केलं तरी तेच येतं: στσ⁻¹ = τ⁻¹, म्हणून एकूण τ⁻², म्हणजेच τ. दुसऱ्याला मात्र (1,3) येईल, आपण हाताने (2 3) काढला होता. घाबरू नका. GAP डावीकडून उजवीकडे गुणतं. कोपऱ्यातली ती ओळ याचसाठी होती.

Z/6 ची चूकही करून पाहता येते:

```
C := Group((1,2,3,4,5,6));
D := Group((1,2,3,4));
GroupHomomorphismByImages(C, D,
  [(1,2,3,4,5,6)], [(1,2,3,4)]);
```

उत्तर येतं fail. फ्री ग्रुपवरून a आणि b च्या किमती देऊन हीच आज्ञा दिलीत तर fail कधीच दिसणार नाही.

ही प्रॉपर्टी काय सांगत नाही

φ मिळालं, एकच मिळालं, एवढंच ती सांगते. φ वन-वन आहे का, कर्नलमध्ये काय काय आहे, हे वेगळं शोधावं लागतं. आपल्या φ चा कर्नल F(a, b) मध्ये इंडेक्स ६ चा आहे, कारण φ सहाही घटकांपर्यंत पोचतं. फ्री ग्रुपचा सबग्रुप फ्रीच असतो, आणि श्रायरच्या सूत्राने या कर्नलला 1 + 6·(2 − 1) = 7 मोकळे जनरेटर लागतात. दोन अक्षरांच्या ग्रुपच्या पोटात सात अक्षरांचा फ्री ग्रुप बसलेला असतो, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं खरं.

एखादा शब्द रिकामा नाही हे दाखवायला हीच रीत वापरतात: एखाद्या ग्रुपमध्ये किमती भरून उत्तर आयडेंटिटी आलं नाही, की काम झालं. aba⁻¹b⁻¹ ची किंमत वर (1 2 3) आली, म्हणून F(a, b) मध्ये ab आणि ba खरंच वेगळे आहेत. मात्र उत्तर आयडेंटिटी आलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. a⁶ घ्या. S₃ मधला कुठलाही घटक सहाव्या घाताला आयडेंटिटी होतो, त्यामुळे ३६ पैकी प्रत्येक होमोमॉर्फिझम a⁶ ला आयडेंटिटीवरच नेतं, आणि तरीही a⁶ रिकामा शब्द नाही. अशा वेळी ग्रुप बदलायचा. S₄ मध्ये a ला (1 2 3 4) वर पाठवा, b ला कुठेही. a⁶ ची किंमत (1 3)(2 4) येते.